एक्झॉस्टचे तीस टक्के

आमच्या वर्गात सेमिनारचे प्रश्न आधीच वाटून घ्यायची पद्धत होती. सादरीकरण झालं की समोर बसलेल्यांनी प्रश्न विचारायचे, त्याला मार्क असत. म्हणून आदल्या आठवड्यात दोन-दोन गट एकमेकांना प्रश्न पाठवून ठेवत. तुम्ही आम्हाला हे विचारा, आम्ही तुम्हाला ते विचारू. उत्तरं पाठ. परीक्षकांना चर्चा रंगलेली दिसते आणि कोणी अडचणीत येत नाही. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

वर्ग म्हणजे नोकरी करणाऱ्यांचा. डिप्लोमा करून वीस-पंचवीस वर्षं कंपन्यांत घालवलेली माणसं, संध्याकाळी आणि रविवारी कॉलेजात येऊन इंजिनिअरिंगची डिग्री करत होती. मी अठ्ठेचाळीसचा. एका कंपनीच्या टेस्ट सेलमध्ये इंजिनं तपासणं हे माझं काम. आकडा जुळला नाही तर मला जेवण जात नाही, असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे. डिग्रीची मला फारशी निकड नव्हती. राहून गेली होती, म्हणून करत होतो.

माझ्या जोडीदाराचं तसं नव्हतं. तो चाकणजवळच्या गावातला, शेतकऱ्याच्या घरातला, छत्तीसचा. सगळे त्याला भाऊ म्हणत. इंजिनाचे भाग बनवणाऱ्या लाइनवर तो सुपरवायझर होता आणि ती लाइन बंद होणार होती. नवीन लाइन विजेच्या मोटारींची. तिथे डिग्री असलेल्यांना इंजिनिअर म्हणून घेणार, बाकीच्यांची बदली दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात. कंपनीने निकाल मागितला होता तो याच सेमिस्टरचा. सेमिनारवर ‘पुन्हा सादर करा’ असा शेरा आला, की पुढचं सेमिस्टर. म्हणजे भाऊसाठी बदली. घरी म्हातारे आईवडील, दोन म्हशी, बायको गावातल्या शाळेत शिक्षिका. जाणार कसा?

विषय आम्हीच निवडला होता: उष्णता इंजिनं, त्यांच्या कार्यक्षमतेची सैद्धांतिक मर्यादा आणि खरी इंजिनं त्या मर्यादेच्या इतकी खाली का राहतात. सैद्धांतिक भाग मी करायचा, कॉलेजच्या लॅबमधल्या एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर रीडिंग दोघांनी घ्यायचं आणि निष्कर्षाच्या स्लाइड भाऊने करायच्या. रीडिंग घेतलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. इंधनातून शंभर भाग उष्णता आत जाते असं धरलं, तर अठ्ठावीस भाग शाफ्टवर काम म्हणून मिळाले. सत्तावीस थंड करणाऱ्या पाण्यात गेले, तीस एक्झॉस्टच्या गरम वायूत आणि उरलेले पंधरा इंजिनाच्या अंगावरून आणि इतर वाटांनी. बेरीज शंभर. मी ती तिथेच दोनदा केली होती.

परीक्षेच्या रविवारी सकाळी भाऊ गेटवरच भेटला. इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉपची बॅग.

“दादा, काल एक स्लाइड जरा सुदारली,” तो म्हणाला. “आकडं नीट बसत न्हवतं. आता बसल्यात.”

“कुठले आकडे?”

“बगाल की. झकास दिसतंय.”

पाचेक मिनिटांत आमचा नंबर लागला आणि आम्ही आत गेलो.

परीक्षक म्हणून बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. साठीच्या आसपास, आयुष्यभर इंजिनांच्या संशोधनात काम केलेल्या. शेजारी आमचे मार्गदर्शक सर. सर घाबरट नव्हते, पण मॅडमच्या बाजूला बसून त्या दिवशी पेनचं टोपण सारखं लावत-काढत होते.

माझा भाग नीट पार पडला. उष्णतेवर चालणारं कुठलंही इंजिन सगळी उष्णता कामात बदलू शकत नाही, काही भाग थंड बाजूला सोडावाच लागतो. कमीत कमी किती सोडावा लागतो हे दोन तापमानांवरून ठरतं, आणि ती तापमानं केल्विनमध्येच घ्यायची. सिलिंडरमधलं सर्वात जास्त तापमान आम्ही एकोणीसशेच्या आसपास धरलं होतं, बाहेरच्या हवेचं तीनशेतीन. त्या दोहोंमध्ये कार्नोची मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त शक्य कार्यक्षमता, चौऱ्याऐंशी टक्के येते. इथवर सगळं ठीक.

मग भाऊची स्लाइड आली. एक उभा पट्टा, वरपासून खालपर्यंत रंगीत तुकडे. काम अठ्ठावीस. पाणी सत्तावीस. इतर पंधरा. एक राखाडी तुकडा, ‘निसर्गनियमाचा सक्तीचा वाटा’, सोळा. आणि एक्झॉस्ट चौदा.

चौदा.

मी पुन्हा वाचलं. अठ्ठावीस, सत्तावीस, पंधरा, सोळा, चौदा: शंभर. बेरीज बरोबर होती आणि पट्टा चूक होता. एक्झॉस्टमध्ये तीस गेले होते. ते मी स्वतः पाहिलं होतं. आमच्याकडच्या कुठल्याही टेस्ट सेलमध्ये एक्झॉस्ट इतका कमी दिसला, तर मी आधी तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची वायर तपासली असती. भाऊ मात्र ठणठणीत आवाजात सांगत होता आणि मधूनच माझ्याकडे बघून मान हलवत होता, बघा कसं जमलंय.

सादरीकरण संपलं. प्रश्नांची वेळ झाली. आमच्याशी अदलाबदल केलेल्या गटातल्या ताई उठल्या. त्या भोसरीत हीट-ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये काम करत, बोलायला फटकळ.

“कार्नोचं इंजिन जर सर्वात चांगलं आहे,” ताईंनी सुरुवात केली, “तर मग प्रत्यक्षात कंपन्या ते...”

“कारन त्यात उष्णता इतकी सावकाश द्यावी लागती की त्यातून पावर मिळत न्हाई, म्हनून बनवत न्हाईत,” भाऊ म्हणाला.

वर्गात कोणीतरी खोकलं. मॅडम हसल्या.

“अहो, त्यांचं वाक्य तरी पुरं होऊ द्या. त्यांना काय विचारायचंय ते त्यांनाच माहीत नाही अजून.”

ताईंनी सावरून दुसरा प्रश्न विचारला. घाईत त्यांनी यादीतला तिसरा उचलला. आणि भाऊने दुसऱ्याचं उत्तर दिलं. प्रश्न होता कॉम्प्रेशन रेशो वाढवण्याबद्दल, उत्तर आलं घर्षणाबद्दल. पूर्ण, न अडखळता, तीन मुद्द्यांत.

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. “भाऊ, मी वेगळंच विचारलं ओ.”

आता कोणी हसलं नाही. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे मी तीन गटांत पाहिलं आज,” त्या म्हणाल्या. आवाज वाढवला नव्हता. “तुम्ही सगळे कामाची माणसं आहात. उद्या लाइनवर बिघाड झाला तर तो आधी प्रश्न पाठवून येणार आहे का? आता असं करू. बाहेरचा कोणी विचारणार नाही. तुमच्या जोडीदाराला तुम्हीच विचारायचं. अट एकच, ज्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला माहीत नाही असाच प्रश्न. माहीत असलेला विचारलात तर मला कळेल, मघाशी कळलं तसं.” आणि माझ्याकडे बघून, “तुम्ही विचारा यांना.”

मी उभा राहिलो. माझ्याकडे दोन-तीन सभ्य प्रश्न तयार होते. सिलिंडर सिरॅमिकचा केला तर काय होईल. इंधन बदललं तर. उत्तरं मला ठाऊक होती आणि भाऊलाही. न ठाऊक असलेला प्रश्न त्या क्षणी माझ्याजवळ एकच होता, आणि तो पडद्यावर अजून झळकत होता. तीसचे चौदा कसे झाले हे मला खरोखरच माहीत नव्हतं.

विचारला, तर त्याचा अर्थ एकच निघणार. रीडिंग बदललं. आमच्या कॉलेजात रीडिंग बदलल्याचं उघड झालं की सेमिनार रद्दच, त्यावर चर्चा नाही. नाही विचारला, तर मॅडमच्या समोर उभं राहून मी खोटा प्रश्न विचारणार, तो चौदा तसाच रिपोर्टमध्ये जाणार आणि खाली माझी सही असणार. भाऊच्या घरी मी जेवलो होतो. त्याच्या आईने मला निघताना ताकाची बाटली दिली होती. हे सगळं त्या दहा-बारा सेकंदांत आठवावं याचा मला राग आला.

“काय झालं?” मॅडम म्हणाल्या. “नाहीये प्रश्न?”

“आहे,” मी म्हणालो. “भाऊ, एक्झॉस्टचे चौदा कुठून आले? आपण घेतलं तेव्हा तीस होते.”

भाऊचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. राग नव्हता तो. बाजारात आपल्याच माणसाने हात सोडावा, तसं काहीतरी.

सरांचं टोपण थांबलं. “रीडिंग बदललंय का?” त्यांनी विचारलं.

“बदललं न्हाई सर.”

“मग तीसचे चौदा?”

“सोळा बाजूला काढलं.” भाऊची गावाकडची बोली आता मोकळी येत होती. “दादांनी सांगितलं ना, चौऱ्याऐंशीच्या वर जाताच येत न्हाई. मंजी सोळा तर नियमच घेतो. ते कुटंतरी दाखवाया पायजे का न्हाई? पट्टा शंभराचाच. सोळा घातलं की एकशे सोळा व्हत व्हतं. मग इच्यार केला, ह्या सोळाची उष्णता गरमच असणार, मंजी एक्झॉस्टमधूनच कमी करू.”

मी डोळे मिटले. खोटेपणा नव्हता हे मला कळलं, आणि त्याने काही सुटत नव्हतं. चूक मात्र कळली. उष्णता कुठे कुठे गेली हा एक हिशेब, आणि त्यातली जास्तीत जास्त किती कामात आणता आली असती हा दुसरा. त्याने दोन्ही एकाच पट्ट्यात कोंबले होते. बेरीज जुळल्याशिवाय चैन न पडणारा माणूसच ही चूक करणार. मी असतो तर कदाचित मीही केली असती.

सर मॅडमकडे वळून हळू आवाजात काही म्हणू लागले. ‘पुन्हा’ हा शब्द मला ऐकू आला. भाऊलाही आला असणार. त्याने टेबलाची कड धरली.

मॅडमनी सरांना हाताने थांबवलं. “थांबा. त्यांना उत्तर पुरं करू द्या.” मग भाऊला म्हणाल्या, “बोर्डवर या. इंजिन काढा. नुसता चौकोन काढा, चालेल. उष्णता बाहेर जायच्या वाटा दाखवा.”

भाऊने चौकोन काढला. एक बाण पाण्याचा, एक एक्झॉस्टचा, एक अंगावरून जाणारा. एक शाफ्टचा.

“आता तो सोळाचा वाटा कुठल्या पाइपमधून बाहेर जातो ते दाखवा.”

तो खडू घेऊन उभा राहिला. ताईंनी ओठ हलवले, मॅडमनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि ओठ थांबले. भाऊने खडू चौकोनाच्या वरच्या बाजूला टेकवला, उचलला, खालच्या बाजूला टेकवला. बाण काढला नाही. मला वाटलं संपलं.

“येगळा पाइप न्हाईच,” तो अखेर म्हणाला, स्वतःशीच बोलल्यासारखा. “इंजिनाला येवढ्याच वाटा हायेत. मंजी ते सोळा... ते ह्यातच हायेत. ह्या तिसात आन् सत्तावीसात. आदीच मोजल्यात. मी दोनदा धरलं.” त्याने वळून पडद्याकडे बघितलं. “तीसच पायजे व्हतं तितं. राखाडी तुकडा काढून टाकायचा.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अजून काही सैल झालेलं नव्हतं. “मग चौऱ्याऐंशी आणि अठ्ठावीस यांच्यात छप्पन्नची दरी आहे. ती सगळी घर्षण आणि पाण्यामुळे? तुमच्या स्लाइडवर तसं लिहिलंय.”

“लिवलंय खरं.” तो थांबला. “पण तसं न्हाई.”

“मग कसं?”

“ह्याच इंजिनाचं नुसतं कागदावरचं गणित केलं, घर्षण न्हाई, गळती न्हाई, पाण्यात उष्णता जात न्हाई असं धरून, तरीबी बासष्टच येतं. ते दादांच्या स्लाइडवर हाय. चौऱ्याऐंशी न्हाई येत.”

“का? कागदावर काय अडचण आहे?”

इथे मीच घाबरलो, कारण हा भाग मी एका ओळीत उरकला होता, आकडे तेवढे स्लाइडवर टाकले होते आणि आमचं त्यावर कधी नीट बोलणं झालं नव्हतं. भाऊने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं, खडूचा पांढरा पट्टा तिथे उमटला.

“मॅडम, मी मोशीवरनं चाकणला जातो. मधी एक तुकडा मोकळा हाय, तितं गाडी ऐंशीनं पळती. पन म्हनून घरी सांगितलं की ऐंशीच्या हिशेबानं पोचतो, तर बायको हसंल. सगळ्या रस्त्याची सरासरी धरावी लागती. तसं हाय हे. एकोणीसशे हे एका क्षणाचं. उष्णता द्यायला सुरुवात व्हती तवा वायू दाबून साडेनऊशेच्या घरात असतो, तितनं वर चढत जातो. मंजी उष्णता सरासरी मिळती ती...” तो माझ्याकडे वळला. “दादा, तेराशे साठ ना?”

“जोडीदाराला विचारू नका,” मॅडम म्हणाल्या.

“तेराशे साठ,” भाऊ म्हणाला आणि बोर्डवर लिहिलं. “आन् सोडतानाबी तसंच. व्हॉल्व उघडतो तवा वायू अजून आठशेला असतो. थंड हवेइतका थंड झाल्यावर सोडत न्हाई आपन त्याला. सरासरी पाचशे बारा. आता पाचशे बारा भागिले तेराशे साठ...” त्याने बोर्डच्या कोपऱ्यात भागाकार मांडला. “शून्य पूर्णांक अडतीस. एकातनं गेलं, बासष्ट.”

आकडा आला तेव्हा त्याने खडू खाली ठेवला आणि दोन्ही हात पँटला पुसले.

“आणि बासष्टपासून अठ्ठावीसपर्यंत?”

“ते मातर खऱ्या इंजिनाचं. सिलिंडरच्या भिंतीतनं उष्णता पाण्यात जाती. जळायला येळ लागतो, तवर पिस्टन खाली निघालेला असतो. व्हॉल्व जरा आदीच उघडावा लागतो. हवा गरम झाली की कागदावरच्या हवेसारखी वागत न्हाई. मग घर्षण, आन् पंप फिरवायचा त्यो येगळा.”

“यातलं सगळं परत मिळवता येईल? उद्या तुमच्या मॅनेजरने सांगितलं, एक्झॉस्टच्या तीस टक्क्यांतून मला तीस टक्के वीज करून द्या?”

“न्हाई. एक्झॉस्ट येतो गरम, पन उष्णता काढत जाल तसा निवत जातो. त्याला तर आनखी कमी मर्यादा.” तो पहिल्यांदा किंचित हसला. “मी मॅनेजरला सांगीन, पयले हे गणित बघा, मंग मला बोला.”

मॅडमनी चष्मा घातला आणि काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग म्हणाल्या, “बसा. आता तुम्ही यांना विचारा.” म्हणजे मला.

भाऊने मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते मला आज धड सांगता येणार नाही. नरमाईने विचारलं नाही, एवढं आठवतं.

आम्हाला बाहेर बसवलं. आत सर आणि मॅडम बोलत होते. कॉलेजच्या पायरीवर भाऊ माझ्यापासून दोन हात लांब बसला. ताई येऊन गेल्या, दोन चहा ठेवून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, “तुम्ही पण ना, घरचाच माणूस कापायला काढला.” भाऊने चहाला हात लावला नाही.

सरांनी आत बोलावलं. शेरा असा होता: सेमिनार मान्य, श्रेणी एक खाली. स्लाइड दुरुस्त करून आजच द्यायची. एक्झॉस्टसमोर तीस लिहायचं आणि खाली, चौदा कोणत्या चुकीच्या विचाराने आले होते ते भाऊने स्वतःच्या शब्दांत लिहायचं. “आकडा मनाने बदलला की तो बदलला, हेतू काहीही असो,” मॅडम भाऊला म्हणाल्या. “सेमिनार रद्द करत नाहीये, कारण विचारल्यावर लपवलं नाहीत. पण आज हे कोणी विचारलंच नसतं, तर तो चौदा तसाच गेला असता. समजलं?”

“व्हय मॅडम.”

लायब्ररीत बसून त्याने ती स्लाइड केली. मी शेजारी होतो. त्याने लिहिलेलं मला वाचायला दिलं. मी एका ठिकाणी ‘उष्णता’चं ‘ऊर्जा’ सुचवलं. त्याने ‘उष्णता’च ठेवलं. बरोबर होतं त्याचं.

पार्किंगमध्ये मात्र तो माझ्या स्कूटरपाशी येऊन उभा राहिला. एरवी मला तुमी म्हणणारा.

“दादा, एक सांग. दुसरा सवाल न्हवता तुझ्याकडं?”

“होते. पण त्यांची उत्तरं मला माहीत होती.”

“मंग कुटला तरी इचारायचा. माझी नोकरी गेली असती.”

“हो.”

“माहीत व्हतं तुला?”

“माहीत होतं.”

मला काहीतरी समजावून सांगावंसं वाटलं, की त्याचं उत्तर ऐकून मला किती बरं वाटलं, की मॅडमनी तो चौदा कदाचित आधीच पाहिला असेल. पण पाहिला होता की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि बरं वाटणं हे नंतरचं होतं. विचारताना मला तो सुटेल असं अजिबात वाटलं नव्हतं.

“सकाळी गेटवर इचारलं असतं तर?” तो म्हणाला. “तितंच स्लाइड उगडून बगितली असती तर?”

नंबर लागला होता, घाई होती, हे खरं. पण गेटवर पाच मिनिटं होती.

निकाल महिन्याअखेर लागला आणि भाऊला नव्या लाइनवर घेतलं. त्याने ते मला फोन करून सांगितलं नाही, ताईंकडून कळलं. मी अभिनंदनाचा मेसेज टाकला, त्याचं उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी त्याचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

“तुमी रिकामं हाय का रविवारी?” तो म्हणाला. “मोटारच्या टेस्टचा रिपोर्ट हाय. सोमवारी वर पाठवायचा हाय. त्याआदी कुनीतरी बगाया पायजे. तुमी बगा. आन् काय दिसलं, तर तितंच बोला.”

मी रविवारी चाकणला गेलो. रिपोर्टात दोन आकडे मला पटले नाहीत. दोन्ही तिथेच बोललो. एकात माझीच समजूत चुकली होती, दुसऱ्यावर आम्ही जेवण थंड होईपर्यंत भांडलो.